आठव्या घरातले अकरा महिने सहा दिवस

प्रिय ईरा आणि नील,

गेल्या आठवड्यात ईराने ऑकलंडहून मला एक चित्र पाठवलं. फोनवरच्या कुठल्याशा ॲपने तिची पत्रिका काढली होती आणि त्यातला एक चौकोन तिने लाल केला होता. खाली तिने लिहिलं होतं, "Aaji, eighth house. Is it bad?" मी फोन उचलला आणि परत ठेवला. या प्रश्नाचं उत्तर फोनवर पाच मिनिटांत देता येणार नाही, आणि मला गोष्टी क्रमाने सांगायची सवय आहे. शिवाय हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. आता ज्यांना दुखलं असतं ती माणसं राहिली नाहीत, आणि ज्यांना उपयोग होईल ती तुम्ही आहात. म्हणून लिहिते आहे. हळू वाचलंत तरी चालेल. जो शब्द अडेल तो आईला विचारा.

माझं लग्न झालं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. पुण्यात कॉन्व्हेंट शाळेत शिकून, जीवशास्त्राची पदवी घेऊन मी शिकागोला आले ती डेव्हन ॲव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत असलेल्या एका विटांच्या दुमजली इमारतीत. इमारत तुमच्या आजोबांच्या आत्याची होती. खाली त्यांचं वाण्याचं दुकान, त्याच्याही खाली तळघर, वर आम्ही तिघं. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. त्यांचे यजमान त्या दुकानातच वारले होते, मूलबाळ नव्हतं, आणि आजोबांना, म्हणजे तेव्हाच्या, आईवडील नसलेल्या विनयला, त्यांनीच कॉलेजसाठी इथे आणलं होतं. त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. पहाटे रेडिएटर ठणठण वाजायला लागायचा, मग कोपऱ्यावर बस थांबताना उसासा टाकायची, मग तळघरातली चक्की सुरू व्हायची आणि माझ्या पायांखालची फरशी थरथरायची. दर गुरुवारी आत्याबाई थालीपिठाची भाजणी भाजत. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, सगळं वेगवेगळं, आणि धणे शेवटी. तो खमंग वास कोटांना, उशांना, विनयच्या ऑफिसच्या कागदांनाही लागायचा. प्रमाण त्या कुणाला सांगत नसत. मी विचारलं तर म्हणायच्या, "हाताला कळतं. तुझ्या हाताला कळलं की कळेल."

दर शनिवारी दुपारी काका यायचे. ते नागपूरचे निवृत्त गणिताचे मास्तर, मुलाकडे राहायला आलेले. पत्रिका बघायचे पण पैसे घेत नसत. चहा आणि भाजणीची एक पुडी एवढंच. आत्याबाई त्यांना विचारल्याशिवाय नवा फ्रिजसुद्धा घेत नसत. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी मृत्युपत्र करायचं ठरवलं, वकिलाची वेळ घेतली, ती मिळाली तीन महिन्यांनंतरची, आणि त्याआधी माझी पत्रिका काकांपुढे ठेवली. मी मागे स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. दार अर्धं उघडं होतं.

काका म्हणाले, "अष्टमेश, आठव्या घराचा मालक, अष्टमातच बसलाय. सासरचं धन येणार आहे हिला, आणि येणार ते अचानक. मंगळाच्या महादशेत गुरूची अंतर्दशा नुकतीच लागली आहे. ती चालेल अकरा महिने सहा दिवस."

"सासरचं म्हणजे माझंच की," आत्याबाई म्हणाल्या.

"तुमच्याशिवाय आहे कुणाकडे?"

दोघंही हसले. मी लाटणं तसंच धरून उभी राहिले आणि तव्यावरची पोळी जळली.

माझ्या माहेरी पत्रिका फक्त लग्न जमवताना बाहेर काढली होती. वडील प्राध्यापक, त्यांचा विश्वास नव्हता. तेव्हा "मंगळ आहे, पण सौम्य आहे" असं काहीतरी कानावर पडलं होतं, एवढंच माझं ज्ञान. पण मी अभ्यासू मुलगी होते. न कळलेली गोष्ट पुस्तकातून काढायची हे मला शिकवलं होतं. सोमवारी मी सार्वजनिक वाचनालयातून ज्योतिषावरचं एक जाडं इंग्रजी पुस्तक आणलं, एक नवी वही केली, रेघा आखल्या आणि आठव्या घराचं पान उतरवून काढलं. मृत्यू आणि आयुष्याची लांबी. वारसा. जोडीदाराचं आणि त्याच्या माणसांचं धन. अचानक उलथापालथ, अपघात. गूढ विद्या, संशोधन. स्त्रीच्या पत्रिकेत नवऱ्याचं आयुष्य, म्हणजे सौभाग्य. मग मी माझी पत्रिका उलगडली. तुम्ही ॲपमध्ये पाहिली तशीच, चौकोनात तिरक्या रेघा, बारा घरं, प्रत्येकात एक आकडा. मी आठ हा आकडा शोधला. तो डावीकडच्या मोठ्या घरात होता आणि त्यात तीन अक्षरं होती: र, मं, बु. रवि, मंगळ, बुध.

पुस्तकात आठव्यातल्या मंगळापुढे जे लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही. ते मी तेव्हा वहीत लिहिलं, तेवढं पुरे झालं. मी सगळं एकापुढे एक मांडलं. सासरचं धन येणार म्हणजे सासरचं कुणीतरी जाणार. अचानक येणार म्हणजे अपघाताने जाणार. सासरी माणसं दोनच. वहीच्या पानावर मी दोन नावं लिहिली, विनय आणि आत्याबाई, आणि दोघांपुढे प्रश्नचिन्ह. मग दुकानात आलेल्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर अकरा महिने सहा दिवस मोजून शेवटच्या दिवसावर पेन्सिलने बारीक टिंब दिलं. आज हे लिहिताना मला त्या मुलीची कीव येते, पण तिला हसता येत नाही. भीतीचं असं असतं की ती नीटनेटक्या माणसाला जास्त धरते. त्याच्याकडे रकाने तयार असतात.

पुढचे महिने मी पहारा केला. बर्फ पडायला लागल्यावर विनयच्या गाडीच्या किल्ल्या मी तांदळाच्या डब्यात लपवल्या आणि बसने जा म्हणून हटून बसले. तो कुरकुरत दोन बस बदलून जायचा. संध्याकाळी साडेसहाच्या बसचा उसासा ऐकू आला की माझा श्वास सुटायचा, आणि बसमधून तो उतरला नाही तर पुढची बस येईपर्यंत मी खिडकीशी उभी राहायची. आत्याबाईंची मला त्याहून जास्त धास्ती होती. त्या त्रेसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, आणि दिवसातून दहादा तळघराचा उभा जिना उतरणाऱ्या. मी पोती त्यांच्या आधी उचलायला लागले. त्यांच्या गोळ्या मोजायला लागले. त्या न्हाणीघरात गेल्या की दाराबाहेर उभी राहायला लागले. जे जे केलं ते वहीत लिहीत गेले, तारीख घालून, इंग्रजीत.

माझ्या डोक्यात आलं नाही की हे त्यांच्या बाजूने कसं दिसत असेल. त्यांनी सुनेची पत्रिका दाखवली, घर सुनेला मिळणार असं निघालं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून सून त्यांच्या मागे मागे हिंडते, गोळ्या मोजते, दारामागे कान देऊन उभी राहते. आधी त्यांनी चेष्टा केली. "अगं, मी काय तान्हं बाळ आहे का?" मग चेष्टा बंद झाली. मग एक दिवस त्यांनी स्वतःचा भात वेगळ्या पातेल्यात शिजवला आणि माझ्याकडे न बघता जेवल्या. मला वाटलं, पथ्य असेल.

शेवटी माझ्याने राहवेना. वकिलाकडे जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, सही करू नका. मला काही नको." मला वाटत होतं, वारसाच नसेल तर मरणालाही कारण उरणार नाही. त्यांनी तराजू पुसता पुसता हात थांबवला. "नको म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत," त्या म्हणाल्या. "ती आधी हिशेब करून बसलेली असतात." वकिलाची वेळ त्यांनी फोन करून कॅन्सल केली. त्याच संध्याकाळी तळघराची किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली आणि सांगितलं, "उद्यापासून माझ्या जिन्याकडे फिरकायचं नाही."

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. त्याच दुपारी, हे बोलणं व्हायच्या आधी, मी तळघराच्या जिन्यावरचा बल्ब काढला होता. तो लुकलुकत होता आणि मला अंधुक उजेडाची भीती वाटत होती. जास्त प्रकाशाचा नवा बल्ब आणला होता, पण तो त्या खोबणीत बसेना. उद्या बदलून आणू म्हणून जुना बल्ब मी एप्रनच्या खिशात टाकला. मग जिन्याकडे फिरकायची बंदी झाली, आणि मी रागाने म्हणा, भीतीने म्हणा, गप्प राहिले. दुसऱ्याच दिवशी सकाळी चक्की सुरू झाली नाही. त्याऐवजी एक जड आवाज आला, मग डाळ सांडल्यासारखी सळसळ, आणि मग काहीच नाही. मी धावत खाली गेले तेव्हा आत्याबाई शेवटच्या पायरीशी, सांडलेल्या हरभरा डाळीत, एका कुशीवर पडल्या होत्या. डोळे उघडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. बल्बबद्दल मी कुणाला काही बोलले नाही. विनयने सांगितलं म्हणून मी त्यांच्या वस्तू पिशवीत भरल्या, चष्मा, लोकरीची शाल, जपाची माळ, उशाशी असतील ते कागद आणि वह्या. माझी वही मी त्या महिन्यात त्यांच्या खोलीतल्या कपाटावर लपवायची, कारण आमच्या खोलीत विनयला सापडली असती. कपाटावरचे कागद घाईत उचलले त्यांच्याबरोबर तीही पिशवीत गेली. ते मला तिसऱ्या दिवशी दुपारी कळलं. शनिवार होता. विनय, काका आणि मी दवाखान्यातल्या खोलीत शिरलो तेव्हा आत्याबाई उशीला टेकून बसल्या होत्या, समोरच्या ट्रेवर न खाल्लेलं जेवण होतं, आणि त्याच्या शेजारी माझी वही उघडी होती. आत्याबाई इंग्रजी बोलायच्या दुकानापुरतं, पण स्वतःचं नाव, तारखा आणि 'डेथ' हा शब्द त्यांना नक्कीच वाचता येत होता.

त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. "बल्ब तू काढलास?"

"हो," मी म्हटलं.

मी विनयकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तो वहीतल्या दोन नावांकडे बघत होता, त्यातलं पहिलं त्याचं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो एक पाऊल मागे सरकला. एका क्षणाचीच गोष्ट. पण त्या क्षणी मला समजलं की माझा नवरा मला घाबरला आहे. त्यानंतर चाळीस वर्षं आम्ही सुखाने राहिलो, आणि तरी तो क्षण माझ्या अंगातून गेलेला नाही.

मग मी सगळं बोलले. पोळी, पुस्तक, मंगळ, किल्ल्या, बसची वाट. काका मात्र वहीच बघत होते. माझी पत्रिका मी वहीत चिकटवली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि मास्तरांच्या आवाजात विचारलं, "पोरी, आठवं घर दाखव मला."

मी आठ आकड्यावर बोट ठेवलं.

त्यांनी माझं बोट अलगद बाजूला सारलं. मग म्हणाले, "हा आकडा राशीचा. घराचा नव्हे. आठ म्हणजे वृश्चिक रास. घरं मोजायची ती लग्नापासून, जन्माच्या वेळी उगवत असलेल्या राशीपासून."

त्यांनी ट्रेवरच्या वाटीतली द्राक्षं उचलली. पत्रिकेच्या वरच्या मधल्या घरात पहिलं द्राक्ष ठेवलं. "हे तुझं लग्न, पहिलं स्थान. यात पाच लिहिलंय, म्हणजे सिंह रास. इथून डावीकडे मोजायचं, घड्याळाच्या उलट." एकेक द्राक्ष ठेवत ते गेले. दुसऱ्या घरात सहा, तिसऱ्यात सात. "ही तुझी आठ आकड्याची जागा. कितवं घर झालं?"

"चौथं."

"चौथं म्हणजे घर, आई, जमीन. मंगळ इथे स्वतःच्या राशीत आहे. लग्न जमवताना मंगळ आहे म्हणाले, ते या चौथ्यातल्या मंगळामुळे. स्वगृहीचा, म्हणून सौम्य. आता पुढे." आठवं द्राक्ष उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, बारा आकड्यावर पडलं. मीन रास. तिथे एकच अक्षर होतं, गु. "मीनेचा मालक गुरू, आणि तो तिथेच बसला आहे. अष्टमेश अष्टमात म्हणालो ते हे. यात मंगळ कुठे आहे, सांग."

पत्रिकेवर त्यांनी खिशातल्या निळ्या पेनाने घरांचे आकडे लिहिले, एक ते बारा, राशींच्या आकड्यांहून बारीक. आणि मग हळूहळू, एखाद्या ढ वर्गाला शिकवावं तसं, आम्हा तिघांना शिकवलं. सातवं घर जोडीदाराचं. दुसरं घर पैशाअडक्याचं. सातव्यापासून दुसरं मोजलं की आठवं येतं, म्हणून आठवं हे सासरचं धन. आपण न कमावलेलं, कुणीतरी मागे ठेवलेलं ते तिथलं, म्हणून वारसा. जमिनीखाली पुरलेलं, कुणाला न दिसणारं उकरून काढायचं काम तिथलं, म्हणून संशोधन. "तुझ्या पत्रिकेत गुरू पाचव्याचाही मालक आहे. पाचवं शिक्षणाचं. शिक्षणाचा मालक आठव्यात गेला की माणूस खोदत बसतो. तू खोदलंस, फक्त चुकीच्या घरात." गुरू आपल्यापासून पाचव्या, सातव्या आणि नवव्या घरावर नजर टाकतो, हेही त्यांनी मोजून दाखवलं. आठव्यापासून नववं म्हणजे चौथं. वारशाच्या घरातला गुरू राहत्या घराकडे बघतो, आणि दशा चौथ्याच्या मालकाची, मंगळाची. म्हणून ते म्हणाले होते की या काळात सासरचं घर येईल. अचानक या शब्दाबद्दल त्यांनी आत्याबाईंची माफी मागितली. "आठव्याचं ध्यानीमनी नसताना येतं, एवढंच म्हणायचं होतं. मी सैल बोललो."

"पण आठवं मरणाचंच ना?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. तेव्हा मला दिसलं की इतके महिने त्याही घाबरलेल्या होत्या.

"आयुष्याचं. ज्याची पत्रिका त्याच्या आयुष्याचं. बाईच्या पत्रिकेत नवऱ्यासाठी बघतात, तेही एका घरावरून कुणी बोलत नाही. लग्नाचा मालक, चंद्र, शनि, सगळं बघावं लागतं, आणि बघूनही आम्ही दिवस सांगत नाही. तुमचं आयुष्य हिच्या पत्रिकेत कुठून येणार? तुमचं तुमच्या पत्रिकेत."

"म्हणजे मी मरणार नाही."

"मराल की. मीही मरेन. पण हिच्या गुरूमुळे नाही."

आत्याबाईंनी पत्रिकेवरचं आठवं द्राक्ष उचललं आणि खाल्लं. नंतर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला वाटलं, तू माझे दिवस मोजतेस."

"मोजतच होते," मी म्हटलं. "ते संपून तुम्ही असाव्यात म्हणून."

त्यांनी वही मिटून शालीखाली ठेवली. ती मला परत दिली नाही.

वाचताना तुम्हाला वाटेल की इथे भीती संपली. नाही संपली. चूक कळली म्हणून अंगात मुरलेली सवय जात नाही. आत्याबाई वॉकर घेऊन घरी आल्या तेव्हाही मी जिन्याचा बल्ब दिवसातून चारदा बघायची. नवीन बल्ब विनयने बसवला, माझ्याशी एक शब्द न बोलता, आणि मग जिन्यावरच बसून माझा हात धरला. किल्ल्या तांदळाच्या डब्यातून मी काढल्या, पण साडेसहाला खिडकीशी जायचं सुटलं नाही. शेवटच्या महिन्यात आत्याबाईंनी एका मंगळवारी, कुणाला न विचारता, वकिलाला दुकानातच बोलावलं. मृत्युपत्र केलंच नाही. इमारतीच्या कागदांवर आपल्या नावाबरोबर आमची दोघांची नावं घातली. "मरेपर्यंत कशाला थांबायचं," त्या सही करताना म्हणाल्या. "आणि अंतर्दशा संपायच्या आत झालेलं बरं. काका खोटे पडायला नकोत." मी तेव्हा डाळ निवडत होते, मला आधी काही सांगितलेलं नव्हतं. ध्यानीमनी नसताना, असं काकांनी म्हटलं होतं ते असं आलं. कॅलेंडरवरच्या टिंबाच्या दिवशी गुरुवार होता. आम्ही भाजणी भाजली. कुणी मेलं नाही. संध्याकाळी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पुष्कळ वेळ रडले.

त्या शरद ऋतूत मी विद्यापीठात नाव घातलं. विषय घेतला कडधान्य पोखरणाऱ्या किड्यांचा, बाहेरून अख्ख्या दिसणाऱ्या दाण्याच्या आत काय चाललेलं असतं त्याचा. आत्याबाई माझ्या प्रयोगांसाठी किडकी चवळी बाजूला काढून ठेवायच्या आणि गिऱ्हाइकांना सांगायच्या, आमच्या शैलाला खराबच माल लागतो. पत्रिका खरी होती का, असं तुम्ही विचाराल. मी चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि मला हे उत्तर माहीत नाही. पण चुकीच्या घराकडे बोट दाखवून माणूस केवढं नुकसान करू शकतो, ते मला माहीत आहे. ईरा, तू लाल केलेला चौकोन मी नीट पाहिला. त्यात आठ आकडा आहे. तुझं लग्न कुंभ, आकडा अकरा. तू मोज.

आत्याबाई त्यानंतर सतरा वर्षं जगल्या आणि एका साध्या दिवशी स्वतःच्या पलंगावर गेल्या. त्या दिवशी कुठली दशा होती ते मी पाहिलं नाही. इमारत विकली गेली, चक्की गेली, काका गेले, आणि तीन वर्षांपूर्वी तुमचे आजोबा गेले. ती वही मला आत्याबाईंच्या ट्रंकेत, शालीच्या घडीत सापडली. ती इथे चँडलर गावातल्या घरी माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे. तिच्यात माझी पत्रिका आहे, निळ्या शाईतल्या एक ते बारा आकड्यांसकट. दोन नावं आणि दोन प्रश्नचिन्हं आहेत. आणि त्याच्या समोरच्या कोऱ्या पानावर आत्याबाईंच्या अक्षरात भाजणीचं पूर्ण प्रमाण लिहिलेलं आहे.